ऑटो स्केलिंग: नवं मशीन मागवल्यावर थांबायचं किती?

ताप आला म्हणून गोळी घेतली. दहा मिनिटांनी थर्मामीटर लावला, ताप तसाच. म्हणून दुसरी गोळी, मग तिसरी. यात गोळीचा दोष नाही आणि थर्मामीटरचाही नाही. गोळीचा परिणाम अंगात उतरायला आणि तो थर्मामीटरवर दिसायला जो वेळ लागतो, तो कोणी मोजलाच नाही.

क्लाउडवर व्हर्च्युअल मशिनांची संख्या आपोआप कमी-जास्त करणारा ऑटो स्केलिंग ग्रुप हीच चूक करू शकतो, आणि त्याने ती करू नये म्हणून त्यात कूलडाऊन नावाची सोय आहे. बहुतेक लोक कूलडाऊनकडे ‘सिस्टीमला जरा विश्रांती’ म्हणून पाहतात. मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. ती विश्रांती नाही. आपण जे केलं त्याचा परिणाम मोजमापात उमटेपर्यंत धीर धरायचा, एवढाच तिचा अर्थ. हा एक मुद्दा नीट पकडला की बाकीचे आकडे आपसूक जागेवर बसतात. या लेखात ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसवरचा ऑटो स्केलिंग ग्रुप धरून बोलतो. ही सेवा २००९ पासून आहे आणि तिच्या नियमांचे प्रकार एकामागून एक कसे आले, यातच निम्मी गोष्ट सांगून होते.

आधी मांडणी पाहू. ग्रुपला तीन आकडे द्यावे लागतात: किमान किती मशिनं, कमाल किती, आणि आत्ता किती हवीत. या तिसऱ्या आकड्याला डिझायर्ड कपॅसिटी म्हणतात. ग्रुपचं मूळ काम अगदी साधं आहे. प्रत्यक्ष चालू मशिनं आणि डिझायर्ड आकडा यांची तो सतत तुलना करतो. कमी असतील तर ठरवून दिलेल्या साच्यावरून, म्हणजे लाँच टेम्प्लेटवरून, नवी उभी करतो. जास्त असतील तर बंद करतो. एखादं मशीन आजारी पडलं तर ते काढून दुसरं आणतो. स्केलिंगचा नियम स्वतः कुठलंही मशीन चालू-बंद करत नाही, तो फक्त डिझायर्ड आकडा बदलतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तो आकडा कधी बदलायचा हे ठरतं मेट्रिकवरून. प्रत्येक मशीनचा सीपीयू वापर क्लाउडवॉच या सेवेत जमा होतो. साध्या मॉनिटरिंगमध्ये दर ५ मिनिटांनी एक नोंद, डिटेल्ड मॉनिटरिंग चालू केलं तर दर मिनिटाला एक. त्या नोंदींवर अलार्म बसवायचा: ‘ग्रुपची सरासरी सलग दोन मिनिटं ७० टक्क्यांच्या वर गेली तर वाजव.’ अलार्म वाजला की नियम चालतो.

आता एक प्रसंग मिनिटामिनिटाने पाहू. समजा एका वेबसाइटच्या मागे ४ मशिनं आहेत आणि प्रत्येकाचा सीपीयू ४० टक्के चाललाय. एकूण काम मोजायचं तर ४ गुणिले ४०, म्हणजे १६० एकक म्हणू. सकाळी १०:०० वाजता कसलीशी नोंदणी सुरू होते आणि काम दुप्पट होतं, ३२० एकक. चार मशिनांवर वाटलं तर प्रत्येकी ८० टक्के. नियम असा आहे: सलग दोन मिनिटं सरासरी ७० च्या वर गेली तर २ मशिनं वाढवा, ४० च्या खाली गेली तर १ कमी करा. किमान २, कमाल १२.

नवीन मशीनला किती वेळ लागतो? मागवल्यापासून साधारण एका मिनिटात ते चालू होतं आणि ग्रुपच्या दप्तरी ‘InService’ अशी नोंद पडते. पण आपला अ‍ॅप अजून तयार नसतो. पॅकेजेस बसायची असतात, कोड उतरवायचा असतो, अ‍ॅप उठायचा असतो, लोड बॅलन्सरच्या तपासणीत पास व्हायचं असतं. याला आणखी ३ मिनिटं धरू. म्हणजे मागणीपासून प्रत्यक्ष हातभार लागेपर्यंत ४ मिनिटं. सगळा घोळ या चार मिनिटांत होतो.

पहिला प्रयोग, कूलडाऊन शून्य ठेवून. १०:०१ आणि १०:०२ च्या नोंदी ८० दाखवतात, १०:०३ ला अलार्म वाजतो, दोन मशिनं मागवली जातात. आता ग्रुपमध्ये ६ आहेत, पण काम चारच करतायत. नवी दोन स्वतःची तयारी करण्यात गुंतलीयत आणि त्या तयारीतच त्यांचा सीपीयू, समजा, ९० टक्के चाललाय. सरासरी किती? ३२० अधिक १८०, भागिले ६, म्हणजे ८३. मदतीला माणसं आली आणि गर्दी वाढली, असा प्रकार. अलार्म वाजतच राहतो.

इथे एक बारकावा आहे जो पुष्कळांना माहीत नसतो. क्लाउडवॉचचा अलार्म बहुतेक कामांसाठी स्थिती बदलते तेव्हा एकदाच कृती करतो. पण कृती ऑटो स्केलिंगची असेल, तर अलार्म त्या स्थितीत असेपर्यंत तो दर मिनिटाला पुन्हा पुन्हा आठवण करत राहतो. म्हणून पहिल्या दोन मशिनांची ‘चालू’ अशी नोंद झाली की १०:०५ ला आणखी दोन. आता ८. सरासरी ८५. १०:०७ ला पहिली दोन खरोखर तयार होतात, पण हातात असलेली नोंद आधीच्या मिनिटाची आहे, त्यामुळे आणखी दोन मागवली जातात. आता १०. त्यानंतरची नोंद ६८ येते आणि अलार्म गप्प होतो.

हिशेबाने लागणार होती फक्त ६. सहा मशिनांवर ३२० एकक म्हणजे प्रत्येकी ५३ टक्के, अगदी आरामात. पण पहिल्या गोळीचा गुण दिसायच्या आत आपण आणखी दोन गोळ्या घेतल्या.

कोणी म्हणेल, चार मशिनं जास्त झाली तर काय बिघडलं? ऑक्टोबर २०१७ पासून लिनक्स मशिनांचं बिल सेकंदावर, किमान ६० सेकंदांचं होतं, थोडे पैसे जातील. पैशांचं खरंच फारसं नाही. बिघडतं ते मागे. समजा प्रत्येक मशीन डेटाबेसकडे ५० कनेक्शन्स उघडतं आणि डेटाबेसची मर्यादा ४५० आहे. नऊ मशिनांपर्यंत ठीक. दहाव्याला जागाच उरत नाही. त्याचा अ‍ॅप उठत नाही, लोड बॅलन्सर त्याला आजारी ठरवतो, आणि ग्रुपला लोड बॅलन्सरच्या तपासणीवर विश्वास ठेवायला सांगितलं असेल तर नव्या मशीनला उठायला दिलेला सवलतीचा काळ संपताच ते काढून टाकलं जातं. डिझायर्ड आकडा मात्र १० च आहे. म्हणून ग्रुप नवं दहावं मशीन आणतो. तेही त्याच भिंतीवर आपटतं.

आणि गंमत बघा. नऊ मशिनं ३२० एकक काम करतायत, म्हणजे प्रत्येकी साधारण ३६ टक्के. एक मशीन कमी करणारा नियम लागू व्हायला हवा. पण दहावं मशीन सतत उठण्याच्या धडपडीत ९० टक्के जाळतंय. ३२० अधिक ९०, भागिले १०, म्हणजे ४१. नियमाची रेघ ४० वर. ग्रुप जागचा हलत नाही आणि मशीन जन्मत-मरत राहतं. आजारी मशीन बदलण्याचं काम कूलडाऊनसाठी थांबत नसतं, त्यामुळे कूलडाऊन कितीही वाढवला तरी हे चक्र त्याने सुटणार नाही.

दुसरा प्रयोग. आता कूलडाऊन ३०० सेकंद ठेवू. एडब्ल्यूएसचा ठरलेला आकडा हाच आहे. १०:०३ ला दोन मशिनं मागवली. कूलडाऊनचं घड्याळ मागणी केल्या क्षणी सुरू होत नाही, ती कृती पूर्ण झाल्यावर सुरू होतं. म्हणजे शेवटचं मशीन ‘चालू’ म्हणून नोंदलं गेल्यावर, १०:०४ ला. तिथून १०:०९ पर्यंत अलार्मने कितीही बोंब मारली तरी हा नियम ऐकत नाही. १०:०७ ला दोन्ही मशिनं कामाला लागतात, सरासरी ५३ वर येते, १०:०९ ला कान उघडतात तेव्हा अलार्म केव्हाच शांत झालेला असतो. ग्रुप ६ वर थांबतो. हवं होतं तेच झालं.

मग प्रश्न मिटला का? काम दुप्पट न होता चौपट झालं असतं तर बघा. ६४० एकक, चार मशिनं. सीपीयू १०० टक्क्यांवर टेकलाय आणि विनंत्या रांगेत तुंबल्यात. १०:०३ ला दोन मशिनं. सहा झाली तरी १०० टक्केच. पण आपण कान बंद करून बसलोय. १०:०९ ला आणखी दोन, जी १०:१३ ला कामाला येतात आणि सरासरी कशीबशी ८० वर उतरते. पुढची दोन १०:१५ ला मागवली जातात आणि १०:१९ ला हाताशी येतात. म्हणजे पहिली १३ मिनिटं साइट गुदमरलेली आणि एकोणिसाव्या मिनिटाला कुठे श्वास. दोन गोळ्या पुरणार नाहीत हे पहिल्या मिनिटालाच दिसत होतं, पण नियमाला ‘दोन’ पलीकडे काही येतच नव्हतं.

हा जो नियम आपण वापरला त्याला सिंपल स्केलिंग म्हणतात आणि कूलडाऊन हा मुळात त्याचाच सोबती. त्याची अडचण दुहेरी आहे: तो दुखणं किती मोठं आहे हे पाहत नाही, आणि थांबतो तेव्हा आंधळेपणाने थांबतो. २०१५ मध्ये आलेल्या स्टेप स्केलिंगने पहिली अडचण सोडवली. ७० ते ८५ असेल तर दोन वाढवा, ८५ च्या वर असेल तर चार, अशा पायऱ्या देता येऊ लागल्या. दुसऱ्या अडचणीवर उपाय म्हणून आला वॉर्म-अप, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत शहाणी कल्पना हीच.

वॉर्म-अप म्हणजे नव्या मशीनला दिलेला तयारीचा काळ. या काळात दोन गोष्टी होतात. एक, त्या मशीनचा सीपीयू ग्रुपच्या सरासरीत धरला जात नाही, त्यामुळे तयारीतले ते फसवे ९० टक्के हिशेबात येत नाहीत. उलट प्रकारची फसवणूकही टळते. काही मशिनं उठताना निवांत असतात. त्यांचे ५ टक्के सरासरीत मिसळले तर कामाखाली दबलेली जुनी मशिनं झाकली जातात आणि अलार्म वेळेआधीच शांत होतो. दोन, संख्येच्या हिशेबात मात्र ते मशीन धरलं जातं. ‘दोन वाढवा’ असं पुन्हा सांगितलं गेलं तर ग्रुप म्हणतो, दोन आधीच वाटेवर आहेत. पण दुखणं वाढून ‘चार वाढवा’ च्या पायरीवर गेलं, तर वाटेवरची दोन वजा करून उरलेली दोन लगेच मागवतो. कूलडाऊन कान बंद करतो. वॉर्म-अप कान उघडे ठेवतो आणि वाटेवरची मदत मोजतो.

२०१७ मध्ये आलेलं टार्गेट ट्रॅकिंग याच पायावर उभं आहे, आणि आज नवीन ग्रुप करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. यात पायऱ्या लिहायच्या नसतात. फक्त सांगायचं की सरासरी सीपीयू ५० च्या आसपास ठेव.

```
{
  "TargetValue": 50.0,
  "PredefinedMetricSpecification": {
    "PredefinedMetricType": "ASGAverageCPUUtilization"
  }
}
```

एवढं दिलं की दोन अलार्म आपोआप तयार होतात. वरचा अलार्म सरासरी ५० च्या वर सलग ३ मिनिटं राहिली की वाजतो. खालचा ४५ च्या खाली सलग १५ मिनिटं राहिली की. ही तीन आणि पंधराची विषमता मुद्दाम आहे. मशीन वेळेवर न आल्याची किंमत ग्राहक मोजतो, वेळेवर न गेल्याची किंमत फक्त बिलात दिसते.

आपला तोच प्रसंग यात कसा दिसतो? साधारण १०:०४ ला वरचा अलार्म. चार मशिनं, सरासरी ८०, लक्ष्य ५०. गणित ढोबळमानाने त्रैराशिकाचं आहे: ४ गुणिले ८० भागिले ५०, म्हणजे ६.४, वर धरून ७. तीन मशिनं एकदम मागवली जातात. पुढच्या मिनिटाला सरासरी अजून ८०, गणित पुन्हा ७ च सांगतं आणि सात आधीच मोजून झालीत, त्यामुळे काही घडत नाही. १०:०८ ला तिघंही कामाला लागतात आणि सरासरी ४६ च्या जवळ येऊन स्थिरावते. ४५ च्या वर असल्याने खालचा अलार्मही वाजत नाही.

कामाच्या चौपटीतही हे बरंच बरं वागतं, पण इथे एक मर्यादा उघडी पडते. सीपीयू १०० च्या वर जाऊ शकत नाही. काम चौपट असो की दहापट, मेट्रिक १०० च सांगणार. म्हणून पहिल्या फेरीत गणित ४ गुणिले १०० भागिले ५०, म्हणजे ८ एवढंच म्हणतं. ती आठ कामाला लागल्यावर सरासरी ८० येते, मग दुसऱ्या फेरीत १३ हवीत असं निघतं आणि कमाल मर्यादेमुळे १२ मिळतात. दोन फेऱ्या लागतातच, कारण थर्मामीटरची पट्टीच शंभरावर संपते. वेबसाइटसाठी म्हणूनच ‘प्रत्येक मशीनमागे किती विनंत्या’ हे `ALBRequestCountPerTarget` नावाचं मेट्रिक पुष्कळदा अधिक खरं बोलतं. त्याला छत नाही.

कुठलंही मेट्रिक निवडताना मी एकच प्रश्न विचारतो: मशिनं दुप्पट केली तर हा आकडा निम्मा होईल का? सीपीयूची सरासरी होते. प्रत्येक मशीनमागच्या विनंत्या होतात. साइटवरच्या एकूण विनंत्या होत नाहीत; मशिनं चार असोत की चाळीस, लोक तेवढेच. त्यावर नियम बांधला तर ग्रुप कमाल मर्यादेला जाऊन चिकटतो आणि तिथेच राहतो. प्रतिसादाला लागणारा वेळही तितकाच धोकादायक आहे, कारण तो डेटाबेसमुळे वाढला असेल तर मशिनं वाढवून घटत नाही, उलट डेटाबेसवर आणखी भार पडून वाढतो. मेमरीचं निराळं. मशीनच्या आत मेमरी किती भरलीय हे बाहेरून दिसत नाही, त्यामुळे क्लाउडवॉचमध्ये ते मेट्रिक आपोआप येत नाही. आत एजंट बसवावा लागतो. ‘मेमरीवर अलार्म लावलाय पण वाजत नाही’ अशी तक्रार आली की आधी एजंट आहे का ते पाहावं.

आता वॉर्म-अपचा आकडा ठरवायचा कसा? अंदाजाने नाही. ग्रुपच्या इतिहासात मशीन कधी चालू झालं ते दिसतं.

```
aws autoscaling describe-scaling-activities \
  --auto-scaling-group-name web-asg --max-items 20
```

तिथला `EndTime` घ्या, आणि लोड बॅलन्सरने ते मशीन निरोगी ठरवून त्याचा सीपीयू इतरांच्या पातळीला कधी आला ते आलेखावर पाहा. दोन्हींमधलं अंतर म्हणजे तयारीचा काळ. आपल्या प्रसंगात ३ मिनिटं. त्यावर मेट्रिक पोचायला एक मिनिट द्या, म्हणजे २४० सेकंद. असं पाच-सहा मशिनांसाठी करून सर्वांत सावकाश उठणाऱ्याचा आकडा धरावा.

```
aws autoscaling update-auto-scaling-group \
  --auto-scaling-group-name web-asg \
  --default-instance-warmup 240
```

आकडा फार कमी दिला तर पहिल्या प्रयोगातला अतिरेक परत येतो. फार जास्त दिला तर तयार झालेली मशिनंही हिशेबाबाहेर राहतात, आणि नवी मशिनं वॉर्म-अपमध्ये असेपर्यंत कमी करण्याचं कामही अडून राहतं.

इथे माझा एक अर्धा दिवस वाया गेलाय, तो सांगतो. ग्रुप वर-खाली झुलत होता म्हणून मी कूलडाऊन ३०० वरून ६००, मग ९०० केला. काही फरक नाही. शेवटी लक्षात आलं की ग्रुपवर टार्गेट ट्रॅकिंगचा नियम होता आणि त्यात वॉर्म-अप वेगळा दिलेला होता. टार्गेट ट्रॅकिंग आणि स्टेप स्केलिंग कूलडाऊनसाठी थांबतच नाहीत. मी अशा खुंटीला पिळत होतो जिची तार कुठे जोडलेलीच नव्हती. गोंधळात भर म्हणजे, वॉर्म-अप कुठेच दिला नसेल तर कूलडाऊनचा आकडाच वॉर्म-अप म्हणून उचलला जातो. त्यामुळे एका ग्रुपमध्ये कूलडाऊन बदलल्याने फरक पडतो आणि दुसऱ्यात पडत नाही, असं दिसतं. नियम कुठल्या जातीचा आहे हे पाहिल्याशिवाय कूलडाऊनला हात लावू नये.

झुलण्याचं आणखी एक कारण आहे, जे ना कूलडाऊनने जातं ना वॉर्म-अपने. ७० च्या वर दोन वाढवा आणि ६० च्या खाली दोन कमी करा, असा नियम कोणी लिहिला तर? सहा मशिनं, ३२० एकक, सरासरी ५३. साठाच्या खाली आहे, दोन काढली. चार उरली, सरासरी ८०. सत्तरच्या वर आहे, दोन घातली. सहा झाली, सरासरी ५३. हे अखंड चालेल. मेट्रिक अचूक आहे, सगळं वेळेवर आहे, चूक फक्त दोन रेघांमधल्या अंतराची आहे. कूलडाऊन वाढवला तर झोका संथ होतो, थांबत नाही. तपासायची रीत सोपी आहे: मशिनं काढल्यानंतर उरलेल्यांवर किती भार येईल ते गुणून पाहा. सहातून दोन काढायची तर खालची रेघ ७० गुणिले ४ भागिले ६, म्हणजे साधारण ४६ च्या खाली हवी. चारातून दोन काढायची तर ३५ च्या खाली. लहान ग्रुपमध्ये एकदम दोन काढणं म्हणूनच महाग पडतं, एकेक काढावं. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअरवर हा हिशेब यंत्रणा स्वतःच करते: मशीन काढल्यावर वाढवण्याचा नियम लगेच लागू होईल असं दिसलं तर ती काढतच नाही. गुगलच्या क्लाउडने तर कूलडाऊन हे नावच सोडून त्याला इनिशियलायझेशन पीरियड म्हणायला सुरुवात केली, म्हणजे तयारीचा काळ, जो ६० सेकंदांवर ठेवलेला असतो. जड अ‍ॅपला हा आकडा फार कमी पडतो, पण नाव मात्र एडब्ल्यूएसपेक्षा प्रामाणिक आहे.

मशीन काढताना आणखी एक काळजी. लोड बॅलन्सर त्या मशीनला नव्या विनंत्या देणं थांबवतो आणि चालू असलेल्या संपायला वेळ देतो, जो मुळात ३०० सेकंदांचा असतो. साध्या पानांना हा पुष्कळ झाला. पण मशीन अर्ध्या तासाचं एखादं काम करत असेल तर ते मधेच तुटेल, आणि तिथे त्या मशीनला काम सुरू करताना स्केल-इन संरक्षण, म्हणजे ग्रुपला ते काढू न देणारी खूण, लावून काम संपताच ते संरक्षण उठवावं लागतं.

परत आपल्या नोंदणीकडे. ती रोज १०:०० वाजताच सुरू होणार हे माहीत असेल, तर चार मिनिटं उशिराने धावणाऱ्या यंत्रणेवर विसंबायचं कारणच नाही. ९:४५ ला किमान आकडा २ वरून ७ करणारी वेळापत्रकाची नोंद करावी आणि ११:०० ला तो परत २ करावा. इथे किमान आकडाच बदलायचा. फक्त डिझायर्ड आकडा ७ केला तर ९:४५ ते १०:०० ही पंधरा मिनिटं सरासरी २३ टक्क्यांच्या आसपास राहील, खालचा अलार्म नेमका दहाच्या सुमारास वाजेल आणि तुम्ही आणून ठेवलेली मशिनं गर्दी दारात असताना घरी पाठवली जातील.

आणि तो १२ चा कमाल आकडा. डेटाबेस ४५० कनेक्शन्स देतो आणि मशीन ५० घेतं, म्हणजे खरी कमाल ९ होती, १२ कधीच नव्हती. तिथे एकतर ९ लिहावं, नाहीतर प्रत्येक मशीनची कनेक्शन्स ३५ वर आणावीत. बारा गुणिले ३५ होतात ४२०, आणि देखभालीसाठी डेटाबेसला आपली ३० शिल्लक राहतात.